बियाण्याची पिशवी फेकण्यापूर्वी

माननीय जिल्हाधिकारी, पुणे,
तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद, यांसी



ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या आठव्या कलमाने जिल्ह्याच्या ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले असून ग्राहकांच्या हक्कांचे संवर्धन व संरक्षण यांविषयी सल्ला देणे हे त्या परिषदेचे कार्य नवव्या कलमाने ठरविले आहे, आणि वर्षातून निदान दोन बैठका झाल्याच पाहिजेत असा दंडकही आठव्या कलमातच घातला आहे. त्यांपैकी पुढील बैठकीच्या कामकाजात घेण्याजोगी एक सूचना मी या पत्राने आपणांपुढे आणि त्याचबरोबर शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील वाचकांपुढे जाहीरपणे ठेवीत आहे. सूचना इतकीच की, ग्राहकाने फिर्याद कशी करावी हे समजावून देणारी एक चित्रफीत या दोन तालुक्यांसाठी तयार व्हावी, तीत एकच उदाहरण खरेदीच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत सलग उलगडून दाखवावे, आणि लागणाऱ्या दस्तऐवजांची यादी पडद्यावर यावी. मात्र ती यादी शेवटी एकगठ्ठा न येता, ज्या क्षणी जो कागद हातात येतो अथवा हातातून निसटतो, त्याच क्षणी एकेक कलमाने यावी.

या शेवटच्या अटीवर माझा सगळा भर आहे. ग्राहकजागृतीचे जे साहित्य सामान्यतः नजरेस पडते, ते ग्राहकाचे हक्क मोजून सांगते, १९१५ हा राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक देते, आणि फसवणूक झाल्यास आयोगाकडे धाव घ्यावी असे सांगून थांबते. त्यात असत्य काही नाही. परंतु आयोगाच्या दारात पोहोचलेल्या मनुष्यास जेव्हा पावती मागितली जाते, पिशवीवरचा गट क्रमांक विचारला जातो, उभ्या पिकाचा पंचनामा कोठे आहे असे विचारले जाते, तेव्हा त्या वस्तू निर्माण होण्याची वेळ सहा महिन्यांपूर्वीच टळून गेलेली असते. १९८६ च्या मूळ कायद्यास राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर रोजी मिळाली म्हणून आपण त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. पण त्याच सुमारास आमच्याकडे गरव्या कांद्याची रोपे वाफ्यांतून उपटून लागणीस निघालेली असतात आणि ज्या पिशवीतून ते बियाणे आले, ती रोपवाटिकेच्या बांधावर केव्हाच मातीआड झालेली असते. जी गोष्ट ऑक्टोबरात सांगावयाची ती डिसेंबरात सांगितली, तर ऐकणाऱ्यास हळहळण्याखेरीज काही उरत नाही.

उदाहरण कांद्याच्या बियाण्याचेच का घ्यावे, याचेही कारण सांगितले पाहिजे. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचे हे दोन तालुके उसाचे म्हणून ओळखले जात असले, तरी पाबळ-केंदूरच्या कोरडवाहू पट्ट्यापासून केडगावच्या कांदा बाजारापर्यंत रोख पैशाची भिस्त अनेक घरांत कांद्यावरच असते. नादुरुस्त पंखा किंवा उशिरा पोहोचलेले पार्सल हे उदाहरण शहरातल्या प्रेक्षकास पुरेल. येथे त्याने कोणाची मान हलणार नाही. शिवाय बियाण्याच्या फिर्यादीत दोष सिद्ध करणे हे इतर कोणत्याही फिर्यादीहून कठीण असते, कारण वस्तूच जमिनीत जाऊन नाहीशी होते. ज्याला बियाण्याची फिर्याद नीट मांडता आली, त्याला ठिबकच्या संचाची किंवा विम्याच्या दाव्याची फिर्याद मांडणे जड जाणार नाही.

आता चित्रफितीतील उदाहरण कसे असावे ते सविस्तर लिहितो. पात्रे आणि आकडे कल्पित आहेत, हे चित्रफितीतही आरंभीच स्पष्ट सांगावे.

भीमेकाठच्या मांडवगण फराट्याच्या बाजूचा एक शेतकरी ७ ऑक्टोबर २०२४ रोजी दौंडच्या पेठेतील एका कृषी सेवा केंद्रातून दोन एकरांसाठी गरव्या कांद्याचे ६ किलो बियाणे २,००० रुपये किलो या दराने, म्हणजे १२,००० रुपयांस घेतो. येथे पडद्यावर पावती आणि पिशवीवरची खूणचिठ्ठी ही दोन्ही शेजारीशेजारी, संपूर्ण पडदा व्यापतील एवढी मोठी दाखवावीत आणि निवेदकाने घाई न करता एकेक रकाना वाचावा: विक्रेत्याचे नाव व परवाना क्रमांक, दिनांक, पिकाचे व वाणाचे नाव, उत्पादक कंपनीचे नाव, वजन, किंमत, आणि सर्वांत महत्त्वाचा तो गट क्रमांक, ज्याला दुकानात सारेच लॉट नंबर म्हणतात. पावतीवरचा लॉट नंबर आणि खूणचिठ्ठीवरचा लॉट नंबर अक्षरशः एकच आहे की नाही, हे दुकानाच्या फळीवरच ताडून पाहावयाचे असते. कारण पुढे कंपनीचा पहिला बचाव हाच असतो की, या शेतात पेरलेले बियाणे आमचे होते हेच मुळी सिद्ध झालेले नाही. पावतीवर नुसते ‘कांदा बी, ६ किलो’ असे लिहिलेले असेल, तर ती पावती पैसे दिल्याचा पुरावा होते, पण कोणते बियाणे घेतले याचा होत नाही. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार रोखीची असो वा उधारीची, विक्रीची पावती देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. म्हणून पावती मागणे यात दुकानदारावर अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही, हे निवेदकाने दोन शब्दांत सांगावे. उधारीवर माल घेणारासही कायद्याने ग्राहकच मानले आहे, कारण व्याख्येत दिलेल्या किमतीबरोबरच देऊ केलेल्या किमतीचाही अंतर्भाव होतो. परंतु दुकानदाराच्या उधारीच्या वहीतील नोंद ही दुकानदाराच्या घरची असते, ती ग्राहकाच्या हातची पावती नव्हे.

खूणचिठ्ठीच्या रंगाविषयीही येथेच खुलासा व्हावा. प्रमाणित बियाण्यास निळी आणि सत्यतादर्शक बियाण्यास हिरवी खूणचिठ्ठी असते. सत्यतादर्शक बियाण्याच्या गुणवत्तेची हमी प्रमाणीकरण यंत्रणा देत नसून उत्पादक स्वतः देतो. ही हिरवी चिठ्ठी म्हणजेच त्याचे लेखी वचन आहे आणि पुढे फिर्यादीत त्याच वचनावर बोट ठेवावयाचे आहे. तेव्हा तिच्यावरची उगवणशक्ती, शुद्धता, परीक्षणाचा दिनांक आणि वैधतेची मुदत ही चारही कलमे फाटता कामा नयेत. यासाठी कृषी खात्याची जी जुनी शिकवण आहे, तीच पडद्यावर हाताने करून दाखवावी: पिशवी वरून न फोडता खालच्या बाजूने उसवावी, वरची शिलाई व चिठ्ठी जशीच्या तशी राहू द्यावी, पेरणीनंतर मूठभर बियाणे त्याच पिशवीत ठेवून ती कोरड्या जागी टांगावी, आणि पीक घरात येईपर्यंत तिला हात लावू नये.

चित्रफितीचा दुसरा भाग शेतात घडतो. रोपे उत्तम उगवतात, डिसेंबरात लागण होते, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर शेतकऱ्याच्या ध्यानात येते की, वाफेच्या वाफे डेंगळ्यांनी भरले आहेत. जे पोसत आहेत त्यांतही जोडकांद्यांचे प्रमाण फार आहे आणि रंगही एकसारखा नाही. खरिपाच्या हळव्या जातीचे बियाणे गरव्याच्या नावाने विकले गेले, तर असे होऊ शकते. परंतु हेही तितकेच खरे आहे की, अवेळी लागण केली, रोप फार जुने झाले अथवा थंडीचा कडाका लांबला, तर चांगल्या जातीच्या कांद्यासही डेंगळे येतात. सारी फिर्याद या एका प्रश्नाभोवती फिरते: दोष बियाण्याचा की हवामानाचा व मशागतीचा? चित्रफितीने हा प्रश्न झाकून ठेवता कामा नये, कारण विरुद्ध पक्षाचा वकील तो नक्कीच विचारणार आहे.

त्याचे उत्तर उभ्या पिकातच असते आणि ते मिळविण्याची रीत ठरलेली आहे. शेतकऱ्याने त्याच आठवड्यात, समजा १७ फेब्रुवारी २०२५ रोजी, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाच्या नकलेवर पोहोच घ्यावी. १९६८ च्या बियाणे नियमांतील २३-अ या नियमाप्रमाणे शेतकऱ्याने पीक फसल्याची लेखी तक्रार केली की, बियाणे निरीक्षकाने खूणचिठ्ठी, पिशवी व शिल्लक बियाणे शक्य तितके ताब्यात घ्यावयाचे असते, नमुना परीक्षणास पाठवावयाचा असतो आणि कारणांचा शोध घेऊन अहवाल द्यावयाचा असतो. ताब्यात दिलेल्या प्रत्येक वस्तूची पावती घेतली पाहिजे आणि देण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवले पाहिजे, हे येथे पडद्यावर आवर्जून यावे.

त्यानंतर क्षेत्रपाहणी होते. विक्रेता आणि कंपनी यांना पाहणीची आगाऊ लेखी सूचना गेली होती असे पंचनाम्यात नमूद झाले, तर ‘आमच्या पाठीमागे केलेली पाहणी आम्हांस मान्य नाही’ ही तक्रार करण्यास त्यांना जागा राहत नाही, मग ते हजर राहोत वा गैरहजर. पंचनाम्यात जमिनीचा गट नंबर, लागवडीचे क्षेत्र, लागणीचा दिनांक, वाणाचे नाव व लॉट नंबर हे तर असावेतच. पण त्याहून मोलाची गोष्ट मोजणीची आहे. शेताच्या निरनिराळ्या भागांतील ठरावीक आकाराच्या वाफ्यांत एकूण झाडे किती, डेंगळे किती, जोडकांदे किती, भिन्न रंगाचे किती, अशी मोजणी करून ती टक्केवारीने लिहिली गेली पाहिजे. आणि शेजारच्या बांधापलीकडे, त्याच हवेत व त्याच पाण्यावर, त्याच आठवड्यात लावलेला पण दुसऱ्या लॉटचा कांदा नीट आहे, असे तेथे उभे राहून पाहणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिले, तर थंडीच्या कडाक्याचा बचाव बऱ्याच अंशी गळून पडतो. याउलट अहवालात ‘पिकात तफावत आढळते, बियाणे सदोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ एवढेच संदिग्ध वाक्य असेल, तर त्याच्या आधारावर शेतकऱ्याने फार उड्या मारू नयेत. कारण तफावत दिसली म्हणजे ती बियाण्यामुळेच आहे असे होत नाही, ही भूमिका न्यायाधिकरणांनी घेतलेली आहे. म्हणून अहवालाची नक्कल हाती पडताच ती वाचावी, आणि कारणाविषयी त्यात मौन असेल तर त्याबाबत स्पष्ट मत द्यावे असा दुसरा लेखी अर्ज पीक शेतात असतानाच करावा.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. कंपनी बहुधा प्रयोगशाळेचा असा दाखला पुढे करते की, या लॉटची उगवणशक्ती प्रमाणाहून अधिक, म्हणजे कांद्यासाठी ठरलेल्या ७० टक्क्यांच्या वर आहे. प्रेक्षकास वाटते, संपले सगळे. परंतु आपल्या उदाहरणातील शेतकऱ्याची तक्रार बी उगवले नाही अशी नाहीच. उगवले ते सांगितलेल्या जातीचे नव्हते, अशी आहे. जातीची शुद्धता बी रुजवून दोन आठवड्यांत कळत नाही. त्यासाठी त्याच लॉटचे बियाणे लावून पीक वाढवून पाहावे लागते. उगवणीचा दाखला हे जातीच्या भेसळीस उत्तर होत नाही, हे वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत असावे.

आणि पिशवीतले ते मूठभर बियाणेही ज्याने राखून ठेवले नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात दिले आहे. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या त्या प्रकरणात निगमाचे म्हणणे असे होते की, बियाण्याचा विषय बियाणे अधिनियमाखाली येतो, ग्राहक न्यायालयाचा तेथे संबंध नाही. आणि बियाण्याचे रीतसर प्रयोगशाळेत परीक्षण झाल्यावाचून दोष सिद्ध होत नाही. न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे. आणि त्याने विकत घेतलेले सारे बियाणे शेतात पेरावे हेच स्वाभाविक असल्याने परीक्षणासाठी ते शिल्लक ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, उलट त्याच लॉटचे बियाणे ज्या कंपनीजवळ असते तिला परीक्षण करून घेता आले असते, असा त्या निवाड्याचा आशय आहे. हा आधार चित्रफितीत सांगावा, पण तो सांगताना प्रेक्षकाच्या मनात ‘मग पिशवी जपण्याची गरज काय’ असा निष्कर्ष उतरू देऊ नये. निवाड्याने बियाण्याची मूठ माफ केली आहे. पावती आणि पाहणी माफ केलेली नाहीत.

तिसरा भाग कागदाचा. प्रथम कोठे, हा प्रश्न. फिर्यादी जेथे राहतो अथवा पोटापाण्याचा व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे फिर्याद करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने प्रथमच दिली. म्हणून कंपनीची कचेरी दुसऱ्या राज्यात असली, अथवा शिरूरकराने घोडनदी ओलांडून शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंद्यात बियाणे घेतले असले, तरी त्याला पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्षकार करावे. एकालाच केले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

मग शुल्क. पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराची फिर्याद जिल्हा आयोगापुढे चालते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. हे मूल्य मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, वस्तूसाठी दिलेल्या किमतीवरून ठरते. आपल्या शेतकऱ्याने दिले १२,००० रुपये. तेव्हा तो लाखाची भरपाई मागो वा दोन लाखांची, त्याला शुल्क शून्य. वकील देण्याची सक्ती नाही. फिर्यादीपूर्वी विरुद्ध पक्षास नोटीस पाठविण्याची प्रथा चांगली आहे, कारण उत्तरात ते काय बचाव घेणार हे कळते. परंतु नोटीस दिली नाही एवढ्यावरून फिर्याद अपात्र होत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे, ती दाव्याचे कारण घडल्यापासून. कारण दोष दिसला त्या दिवशी घडले की खरेदीच्या दिवशी, असा वाद पुढे निघू शकतो. म्हणून शहाण्याने ती खरेदीच्या दिनांकापासूनच मोजावी आणि आपल्या उदाहरणात ऑक्टोबर २०२६ उजाडण्यापूर्वी फिर्याद दाखल झालेली असावी. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण माफी देणे न देणे आयोगाच्या विवेकावर असते.

यानंतर नुकसानीचा हिशेब. हा भाग मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण फुगविलेला आकडा पाहिला की, खऱ्या नुकसानीविषयीही संशय उत्पन्न होतो. दोन एकरांत २०० क्विंटल कांदा अपेक्षित होता. चांगला निघाला ८० क्विंटल. म्हणजे तूट १२० क्विंटलची, आणि काढणीच्या पंधरवड्यात बाजार समितीतील दर १,२०० रुपये धरला तर १,४४,००० रुपयांची. परंतु या १२० पैकी ६० क्विंटल जोड व हलका माल ४०० रुपये दराने विकला गेला. ते २४,००० रुपये वजा केले पाहिजेत. उरलेला ६० क्विंटल निघालाच नाही, तेव्हा त्याची काढणी, भराई व वाहतूक, क्विंटलमागे १५० रुपये धरून, ९,००० रुपये वाचले. तेही वजा केले पाहिजेत. खरे नुकसान उरते १,११,००० रुपये. त्यावर मानसिक त्रासापोटी १५,००० आणि फिर्यादीच्या खर्चापोटी ५,००० धरून मागणी १,३१,००० रुपयांची होते. बियाण्याचे १२,००० आणि खतऔषधांचा खर्च यांत पुन्हा मिळवावयाचा नाही. कारण पूर्ण पिकाचे उत्पन्न मागणारा मनुष्य तो खर्च त्या उत्पन्नातूनच वसूल करणार होता, आणि एकच रक्कम दोनदा मागितली की, विरुद्ध पक्षास हसण्यास जागा मिळते. २०० क्विंटलचा अंदाज कोठून आला, याला मागील वर्षांच्या आडतीच्या हिशेबपट्ट्या आधार देतात; आणि दराला बाजार समितीचा दरपत्रकाचा उतारा.

एक अडचण या दोन तालुक्यांत वारंवार उद्भवण्यासारखी आहे, ती चित्रफितीत अर्धे मिनिट तरी घ्यावी. पावती मुलाच्या नावाची आणि सातबारा वडिलांच्या नावाचा, किंवा जमीन वाट्याने केलेली. अशा वेळी जमीनमालकाचे प्रतिज्ञापत्र जोडून कसणारा कोण हे सांगावे, आणि सातबाऱ्यावर त्या हंगामाच्या पीकपाहणीत कांदा लागला आहे याची खात्री करून घ्यावी. पीकपाहणीच्या रकान्यात ऊस आणि फिर्यादीत कांदा असा विसंवाद असेल, तर पुढची सारी रुजवात डळमळीत होते.

आता पडद्यावर एकेक करून साठत जाणारी यादी शेवटी जी उभी राहील, ती अशी:

१. लॉट नंबर लिहिलेली खरेदीची पावती
२. पिशवी, खूणचिठ्ठी आणि दोन्हींची छायाचित्रे
३. सातबारा उतारा, त्या हंगामाच्या पीकपाहणीसह; नाव भिन्न असल्यास मालकाचे प्रतिज्ञापत्र
४. कृषी अधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाची पोहोच
५. क्षेत्रपाहणीचा पंचनामा व अहवाल, मोजणी आणि कारणासह
६. उभ्या पिकाची दिनांकित छायाचित्रे. शेजारच्या चांगल्या पिकाचेही एक
७. त्या वर्षाच्या आणि मागील वर्षांच्या हिशेबपट्ट्या, बाजारदराचा उतारा
८. नोटीस पाठविली असल्यास तिची नक्कल व टपालाची पोहोच
९. क्रमांकित परिच्छेदांत लिहिलेली फिर्याद, तारखांचा तक्ता आणि प्रतिज्ञापत्र

प्रत्येक कागदाच्या आयोगासाठी लागणाऱ्या प्रतींखेरीज प्रत्येक विरुद्ध पक्षकारास एकेक प्रत लागते. फिर्याद e-jagriti.gov.in या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. तेथे हेच कागद चढवावयाचे असल्याने यादी बदलत नाही.

पुढील वाटचाल चित्रफितीने थोडक्यात, पण प्रामाणिकपणे दाखवावी. फिर्याद दाखल करून घ्यावी की नाही, हे सामान्यतः २१ दिवसांत ठरावयाचे असते. त्यानंतर विरुद्ध पक्षास नोटीस निघते आणि त्याने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत आपली कैफियत द्यावयाची असते. ही ४५ दिवसांची मर्यादा आयोगासही वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरविले आहे. म्हणून नोटीस लागू झाल्याचा दिनांक फिर्यादीने आपल्या वहीत टिपून ठेवावा. दूरदृश्य सुनावणीची विनंती करण्याची सोय कायद्यातच आहे, आणि दौंड किंवा शिरूरहून एका तारखेसाठी दिवस मोडून पुण्यास जाणाऱ्या शेतकऱ्यास ती ठाऊक असली पाहिजे. परीक्षणाची गरज नसल्यास तीन महिन्यांत आणि असल्यास पाच महिन्यांत निकाल व्हावा, असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडून याहून अधिक काळ लागतो, आणि तसे सांगण्यात संकोच करू नये. निकाल अनुकूल लागला तरी विरुद्ध पक्षास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, मात्र हुकमातील रकमेचा निम्मा भाग भरूनच. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत अशी स्थिती झाली, तर दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुलीची दरखास्त आणि हुकूम मोडल्याबद्दल शिक्षेची कारवाई असे दोन मार्ग उघडे राहतात.

चित्रफितीच्या बांधणीविषयी दोन गोष्टी सुचवितो. ती उभ्या पडद्याची असावी, कारण ती भ्रमणध्वनीवरच पाहिली जाणार आहे. आणि तिचे तीन भाग सुटे असावेत: दुकान, शेत व आयोग. दुकानाचा भाग सप्टेंबरअखेर, शेताचा जानेवारीत आणि आयोगाचा एप्रिलमध्ये, म्हणजे ज्या महिन्यात ज्याचा उपयोग त्या महिन्यात, कृषी सेवा केंद्रे, केडगावचा कांदा बाजार, ग्रामसभा व एस.टी. स्थानके येथे दाखविला जावा. प्रत्येक भागाच्या अखेरीस त्या भागापुरती यादी पडदाभर स्थिर राहावी, मागे संगीत नको आणि अक्षरे हलती नकोत. भ्रमणध्वनीवर पाहणाऱ्यास ती टिपून ठेवता यावी आणि दुकानातल्या पडद्यावर पाहणाऱ्यास तिचे छायाचित्र घेता यावे, इतका वेळ ती थांबली की पुरे.

मसुदा तपासण्यास माणसे दूर शोधावी लागणार नाहीत. ग्राहक पंचायतीचे कार्य १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच सुरू केले. तिचे कार्यकर्ते, दोन्ही तालुक्यांचे कृषी अधिकारी आणि आयोगापुढे शेतकऱ्यांच्या फिर्यादी चालविलेला एखादा वकील एवढे एकत्र बसले तरी भागेल. बियाणे विक्रेत्यांनाही त्या बैठकीस बोलवावे, असे मी आग्रहाने म्हणेन. कारण लॉट नंबर लिहिलेली पावती देणारा विक्रेता उद्या कंपनीकडे बोट दाखविण्यास मोकळा राहतो, हे त्याच्याही हिताचे आहे.

तेव्हा विनंती अशी की, परिषदेच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, त्यावरील निर्णय तहसीलदार कचेऱ्यांच्या फलकावर प्रसिद्ध व्हावा, आणि चित्रफितीचा पहिला भाग येत्या गरव्या हंगामाची बियाणे विक्री सुरू होण्यापूर्वी या दोन तालुक्यांत पोहोचावा. उरलेले दोन भाग त्यानंतर सवडीने आले तरी चालतील. पहिल्यास उशीर झाला, तर त्यांना मांडण्यासारखा पुरावाच उरणार नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
शिरूर तालुक्यातील एक नागरिक